परदेशी रिक्रूटरच्या मुलाखतीनंतरचा ईमेल: आभार कसे मानायचे आणि पगाराचा खुलासा कसा करायचा (बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

उद्यमबाग आणि मच्छेतल्या मशिन शॉप-फौंड्रीत चार-सहा वर्षं काढून दुबई, शारजा, अबुधाबीकडं अर्ज करणारी मुलं आपल्या भागात बरीच आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडूनही असेच फोन येतात. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते, तांत्रिक प्रश्नांची उत्तरं नीट जातात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पगाराचा विषय निघतो तेव्हा घाईत एक आकडा तोंडून जातो. पुढच्या घोळाचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं. तो आकडा दुसऱ्या दिवशीच्या आभाराच्या ईमेलमध्ये कसा स्पष्ट करायचा, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरं आहेत. नियम दिले आहेत ते संयुक्त अरब अमिरातीतले, म्हणजे आपण सरसकट 'दुबई' म्हणतो तिथले. इतर देशांबद्दल शेवटी थोडं आहे.

मुलाखत चांगली झाली. रिक्रूटर म्हणाला, 'आम्ही कळवतो.' मग ईमेल पाठवायची गरज आहे का?

आहे, आणि ती नुसत्या शिष्टाचारासाठी नाही. तुमच्याशी बोलणारा रिक्रूटर बहुतेक वेळा नोकरी देणारा नसतो. तो कंपनीसाठी माणसं शोधतो. मुलाखत संपली की तो तुमच्याबद्दल चार-पाच ओळी लिहून कंपनीकडं पाठवतो: अनुभव किती, कोणत्या मशिनवर, नोटीस किती दिवसांची, पगाराची अपेक्षा किती. ही शेवटची गोष्ट तो आठवणीतून लिहितो, किंवा कॉल चालू असताना वहीत खरडलेल्या आकड्यावरून. त्या दिवशी त्यानं आणखी पाच-सहा जणांशी बोलणं केलेलं असतं. तुमचा ईमेल वेळेत पोचला तर तो तुमची ओळ जशीच्या तशी उचलून पुढं पाठवतो. म्हणून ईमेल असा लिहायचा की त्यातला पगाराचा परिच्छेद तसाच पुढं ढकलता यावा.

मी 'पाच हजार' असं सांगितलं. त्यात स्पष्ट करण्यासारखं काय राहिलं?

बरंच राहिलं. तुमच्या मनात पाच हजार दिरहॅम दरमहा, राहायला खोली कंपनीची, येण्याजाण्याला कंपनीची बस, वर्षाला घरी यायचं तिकीट, असं सगळं चित्र असतं. समोरच्यानं लिहून घेतलेलं असतं ते 'पाच हजार, सगळं धरून'. म्हणजे खोलीचं भाडंही त्यातूनच, बसही त्यातूनच. दोघंही प्रामाणिक असतात, तरी महिन्याला हजार-दीड हजार दिरहॅमचा फरक पडलेला असतो.

आपल्याकडच्या सवयीमुळं यात भर पडते. इथं आपण वर्षाच्या पॅकेजवर बोलतो, किंवा 'हातात किती' यावर. सीटीसीमध्ये पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं मिसळलेलं असतं. अमिरातीत बोलणं महिन्यावर असतं, आणि पगाराचे तुकडे पडतात: बेसिक, घरभाडं भत्ता, प्रवास भत्ता, इतर भत्ता. पगारावर तिथं वैयक्तिक प्राप्तिकर नाही, त्यामुळं सांगितलेली रक्कम साधारण तशीच हातात पडते. पण त्या रकमेत काय मोजलं आणि काय नाही, हे कुणीतरी विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आकड्याला चार गोष्टी जोडल्याशिवाय तो पाठवू नका. चलन कोणतं, महिन्याचा की वर्षाचा, त्यात बेसिक किती, आणि पगाराशिवाय कंपनी काय देणार असं धरून तो सांगितला आहे.

बेसिकवर एवढा जोर कशासाठी? एकूण रक्कम हातात पडली म्हणजे झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि नेमका इथंच तोटा होतो. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अमिरातीचा सध्याचा कामगार कायदा 2021 चा 33 क्रमांकाचा आहे आणि तो फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. त्याप्रमाणं नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर मोजतात, एकूण पगारावर नाही. किमान एक वर्ष सलग काम झालेलं असलं पाहिजे. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं. ओव्हरटाइमसुद्धा बेसिकवरच: नेहमीच्या तासाच्या दरावर 25 टक्के जास्त, आणि रात्री 10 ते पहाटे 4 या वेळेत 50 टक्के जास्त. शिफ्टनं काम करणाऱ्यांना हा रात्रीचा दर मात्र लागू नाही.

आता एकच पगार दोन तऱ्हेनं मांडून बघा. एकूण 5,000 दिरहॅम. पहिल्या ऑफरमध्ये बेसिक 3,000 आणि भत्ते 2,000. दुसऱ्या ऑफरमध्ये बेसिक 2,000 आणि भत्ते 3,000. दर महिन्याला बँकेत दोन्हीकडून 5,000 च जमा होणार.

पहिल्यात दिवसाचं बेसिक 3,000 भागिले 30, म्हणजे 100 दिरहॅम. 21 दिवसांचे 2,100. तीन वर्षांनी नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी 6,300. दुसऱ्यात दिवसाचं बेसिक साधारण 66.67, एका वर्षाचे 1,400, तीन वर्षांचे 4,200. फरक 2,100 दिरहॅमचा.

ओव्हरटाइमचा फरक याहून मोठा निघतो. पहिल्यात तासाचा दर 100 भागिले 8, म्हणजे 12.50, त्यावर 25 टक्के धरून 15.63 च्या आसपास. दुसऱ्यात 8.33 वरून 10.42 च्या आसपास. महिन्याला 40 तास जास्तीचं काम झालं तर पहिल्यात 625 दिरहॅम, दुसऱ्यात 417. दर महिन्याला दोनशेच्या वर कमी, आणि हे तीन वर्षं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुपरवायझरी, म्हणजे हाताखालच्या माणसांवर अधिकार असलेल्या पदांना ओव्हरटाइमची तरतूद लागू होईलच असं नाही. तुमचं पद 'इंजिनिअर' आहे की 'सुपरवायझर', हे म्हणूनच विचारून घ्यायचं. तरीही बेसिकचा मुद्दा सुटत नाही, कारण ग्रॅच्युइटी दोघांनाही आहे.

माझा आकडा मी कसा ठरवू? मित्र म्हणतो सहा हजार माग, काका म्हणतात चार हजारसुद्धा चालतील.

मित्राचा आकडा त्याच्या कंपनीचा असतो आणि काकांचा दहा वर्षांपूर्वीचा. तुमचा आकडा तुमच्या घरखर्चातून काढा. एक उदाहरण घेऊ. त्यातली माणसं आणि रकमा मी समजुतीसाठी घेतल्या आहेत. तुमच्या घराप्रमाणं त्या बदला.

खानापूर तालुक्यातला एक क्वालिटी इंजिनिअर. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपाच्या बॉडी आणि गिअरच्या कामात सहा वर्षं, सीएमएम मशिन स्वतः चालवतो. शारजातल्या मशिन शॉपसाठी दुबईच्या रिक्रूटरनं मुलाखत घेतली. घरी दर महिन्याला 46,000 रुपये पोचले पाहिजेत: आईवडिलांचा खर्च, घरबांधणीच्या कर्जाचा हप्ता, धाकट्या बहिणीची कॉलेजची फी. हिशेबाला 23 रुपयांचा एक दिरहॅम धरला तर ते झाले 2,000 दिरहॅम. तिथलं खाणंपिणं, फोन, किरकोळ धरून 1,000. स्वतःची शिल्लक 1,000. हे झाले 4,000, आणि यात खोलीचं भाडं नाही, येणंजाणंही नाही. तीन-चार जणांत खोली घेऊन राहायचं आणि बसनं जायचं म्हटलं तर आणखी 1,000 धरले. एकूण 5,000.

म्हणजे त्याचे आकडे दोन निघाले. कंपनी खोली आणि वाहतूक देणार असेल तर 4,000. देणार नसेल तर 5,000. मुलाखतीत त्यानं नुसतं 'पाच हजार' सांगितलं होतं. ईमेलमध्ये दोन्ही आकडे, दोन्हीच्या अटींसह, लिहायचे.

रुपयाचा दर रोज हलतो, तेव्हा पाठवायच्या दिवशीचा दर बँकेत किंवा ॲपवर बघून घ्या. दिरहॅम मात्र 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725. रिक्रूटर डॉलरमध्ये बोलला तर त्या आकड्यानं गुणायचं आणि उत्तर दिरहॅममध्येच द्यायचं. रुपयात अपेक्षा कधीच लिहू नका. रुपयात लिहिलं की समोरचा इथल्या पगाराशी तुलना करायला बसतो, आणि त्यात आपलंच नुकसान.

ईमेल कधी पाठवावा?

मुलाखतीनंतर चोवीस तासांत. अमिरातीत जानेवारी 2022 पासून केंद्रीय सरकारी कार्यालयांची सुटी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस. खाजगी कंपन्या बऱ्याच प्रमाणात तेच पाळतात. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. गुरुवारी संध्याकाळी मुलाखत झाली तर शुक्रवारी आपल्या सकाळी साडेदहाला पाठवा, त्यांचे तेव्हा नऊ वाजलेले असतात. शुक्रवारी दुपारनंतर पाठवलेला ईमेल सोमवारीच बघितला जाईल असं धरून चाला. रमजानमध्ये तिथं कामाचे तास रोज दोननं कमी असतात, त्या महिन्यात उत्तराला उशीर झाला म्हणून घाबरू नका.

मुलाखत संपल्या संपल्या पाच मिनिटांत पाठवलेला ईमेल आधीच तयार करून ठेवल्यासारखा दिसतो. घरी जा, जेवा, हिशेब कागदावर मांडा, मग लिहा.

आभार मानायचे म्हणजे नेमकं काय लिहायचं? 'थँक यू फॉर युवर टाइम' पुरेसं आहे का?

तेवढंच लिहिलं तर तो ईमेल कुणाचाही असू शकतो. मुलाखतीतली एक खरी गोष्ट उचला. वरच्या उदाहरणातल्या मुलाला विचारलं होतं की कास्टिंगमधली पोरॉसिटी मशिनिंग झाल्यावर उघडी पडली तर काय करतोस. त्यानं तोंडी उत्तर दिलं होतं, पण एक गोष्ट राहून गेली होती: लीक टेस्ट मशिनिंगच्या दोन टप्प्यांच्या मधे घेतली तर वाया जाणारे मशिनचे तास वाचतात. ही ओळ त्यानं आभाराच्या परिच्छेदात घातली. वाचणाऱ्याला मुलाखत आठवते आणि माणूस कामाचा आहे हेही कळतं. आभारासाठी दोन-तीन वाक्यं पुरतात. 'तुमच्या नामांकित संस्थेत सेवा करण्याची संधी मिळाली तर मी आजन्म ऋणी राहीन' या धाटणीची वाक्यं पूर्णपणे टाळा. त्यानं पगाराच्या बोलण्यात तुम्ही आधीच खाली बसलेले दिसता.

पूर्ण ईमेल कसा दिसेल?

ईमेल जाणार इंग्रजीतच. इथं मजकूर मराठीत देतो, म्हणजे प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते आधी पक्कं होईल. मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. मुलाखतीचं निमंत्रण ज्या ईमेलवर आलं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे पद आणि संदर्भ क्रमांक विषयाच्या ओळीत आपोआप राहतात.

> नमस्कार,
>
> काल क्वालिटी इंजिनिअर पदासाठी वेळ दिल्याबद्दल आभार. शारजाच्या शॉपमध्ये पंप बॉडीच्या तपासणीची पद्धत तुम्ही समजावून सांगितलीत, त्यामुळे कामाची नीट कल्पना आली. पोरॉसिटीच्या प्रश्नावर एक गोष्ट सांगायची राहिली: रफ मशिनिंगनंतर लगेच लीक टेस्ट घेतल्यास खराब कास्टिंग फिनिशिंगआधीच बाजूला काढता येते. सध्याच्या कामात मी हीच पद्धत वापरतो.
>
> पगाराबद्दल मी काल 5,000 हा आकडा सांगितला होता. तो अधिक स्पष्ट करतो. कंपनी राहण्याची आणि वाहतुकीची सोय देत नसेल, तर माझी अपेक्षा दरमहा एकूण 5,000 दिरहॅम आहे, त्यात बेसिक किमान 3,000. या दोन्ही सोयी कंपनी देत असेल, तर दरमहा 4,000 दिरहॅम, बेसिक तेच 3,000. व्हिसा, वैद्यकीय विमा आणि वर्षातून एकदा भारतात येण्याजाण्याचं तिकीट कंपनीकडून असेल असं मी धरलं आहे. यात काही वेगळं असल्यास कृपया कळवावं.
>
> माझा नोटीस कालावधी 60 दिवसांचा आहे. आणखी कोणती कागदपत्रं लागतील ते सांगितल्यास लगेच पाठवतो.
>
> आपला,
> (पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, देशाच्या कोडसह फोन नंबर)

दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. कुठं विनवणी नाही, कुठं ताठरपणाही नाही. 'काल सांगितलेला आकडा' असं स्वतःच म्हटल्यामुळं शब्द फिरवल्याचा आरोप येत नाही. 'मी धरलं आहे' हे वाक्य फार कामाचं आहे: ते गृहीत चुकीचं असेल तर रिक्रूटरला लिहून कळवावं लागतं, आणि लिहून आलेलं उत्तर तुमच्याकडं राहतं. वर्षाचं तिकीट हा कंपनीच्या कराराचा भाग असतो. कायद्यात सक्ती आहे ती नोकरी संपल्यावर मायदेशी पाठवण्याच्या खर्चाची, तीही काही अपवाद सोडून. त्यामुळं वर्षाच्या तिकिटाचा उल्लेख आपणच करावा लागतो.

मुलाखतीत मी फार कमी सांगून बसलो. ईमेलमध्ये वाढवता येईल का?

येईल, एकदाच, आणि मुलाखतीत कळलेल्या एखाद्या गोष्टीचं कारण देऊन. उदाहरणार्थ, तुम्ही 4,000 सांगितले आणि नंतर रिक्रूटर म्हणाला की खोली कंपनी देत नाही. मग लिहायचं: 'मी 4,000 सांगितले तेव्हा राहण्याची सोय कंपनीची असेल असं धरलं होतं. तशी सोय नसल्यामुळे अपेक्षा 5,000 आहे.' हे कुणालाही पटतं. आठवड्याला सहा दिवस काम, रात्रीची शिफ्ट, किंवा कामाची जागा शहरापासून लांब, ही सगळी योग्य कारणं.

'घरी विचार केल्यावर वाटलं' हे कारण चालत नाही. तसं असेल तर आकडा तोच ठेवा आणि बेसिकचं प्रमाण, तिकीट, सहा महिन्यांच्या प्रोबेशननंतर पगाराचा फेरविचार, यावर बोला. प्रोबेशन तिथं सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हेही माहीत असू द्या.

'निगोशिएबल' असं लिहावं का?

लिहू नका. तो शब्द वाचला की आकडा खाली येणार हे समोरच्याला कळतं आणि तुम्हाला बदल्यात काहीच मिळत नाही. वरच्यासारखे दोन पर्याय दिले की लवचिकपणा आपोआप दिसतो.

सध्याचा पगार विचारला तर खरा सांगायचा का? इथला पगार खूप कमी वाटतो.

खरा सांगा. पुढं पगाराच्या स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात, तिथं फरक निघाला तर ठरलेली ऑफरसुद्धा मागं घेतली जाते. पण सांगताना हातात येणारा पगार आणि कंपनीचा एकूण खर्च हे दोन्ही वेगळे लिहा. दुसरं म्हणजे, त्या आकड्याला अपेक्षेचा पाया होऊ देऊ नका. रिक्रूटर म्हणेल, 'तुमच्या पगाराच्या दुप्पट देतोय.' त्याला उत्तर शांतपणे द्यायचं: माझी अपेक्षा शारजातला राहण्याचा खर्च आणि या पदाचं काम बघून ठरवली आहे. एवढं एक वाक्य पुरे.

रिक्रूटरला 'रिस्पेक्टेड सर' लिहायचं की नावानं?

त्यानं आपल्या ईमेलखाली जे नाव लिहिलंय त्याच्या आधी 'डिअर' लावा. तिकडं बरेच रिक्रूटर भारतीयच असतात, 'सर' लिहिल्यानं बिघडत नाही, पण दर ओळीत 'सर' नको. बाई असेल तर 'सर' जाणार नाही याची काळजी घ्या. जुना ईमेल कॉपी केला की असं घडतं.

सहीतलं नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमानं असू द्या. आपल्याकडं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव लिहायची पद्धत आहे. दहावीच्या मार्कशीटवर एक क्रम आणि पासपोर्टवर दुसरा, असं बऱ्याच जणांचं असतं. गावाच्या नावाचंही तेच: 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' आलं, त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर जुनं 'बेळगाव' आहे. दोन्ही एकच शहर, हे तिथल्या एचआरला माहीत नसतं. कागदपत्रं पाठवायची वेळ आली की ईमेलमध्ये एका ओळीत सांगून टाका.

रिक्रूटर सगळं व्हॉट्सॲपवरच बोलतो. मग ईमेल कशाला?

बोलू द्या, आखाती देशांत तशीच रीत आहे. पण आकडा ईमेलवर गेलाच पाहिजे. ईमेल पाठवून व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा: 'पगाराचा तपशील ईमेल केला आहे.' व्हॉइस नोटमध्ये पगार कधीच सांगू नका, ती कंपनीकडं पुढं जात नाही. रिक्रूटरनं व्हॉट्सॲपवर काही कबूल केलं तर ते ईमेलमध्ये पुन्हा लिहा: 'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...'

मध्ये एक एजंट आहे. तो म्हणतो, 'पगाराचं मी बघतो, तू ईमेल करू नकोस, आधी पैसे भर.'

इथं थांबा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारकडं नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी emigrate.gov.in वर बघता येते. तिथं नाव नाही, किंवा तो 'मोठ्या एजंटाचा माणूस' आहे, तर त्याच्याशी व्यवहार करू नका. नोंदणी असली तरी उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी अशी मर्यादा आहे, आणि त्याची पावती मिळाली पाहिजे. अमिरातीच्या कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. 'व्हिसाचे दीड लाख भर' असं कुणी म्हणत असेल तर तो व्हिसा कसला हे आधी विचारा. पुष्कळदा तो व्हिजिट व्हिसा निघतो, आणि त्यावर नोकरी करता येत नाही.

खरा रिक्रूटर उमेदवाराच्या ईमेलला अडवत नाही. पगाराचा खुलासा केल्यावर जो चिडतो, त्याच्या ऑफरमध्ये काहीतरी दडलेलं आहे असं खुशाल समजा.

उत्तरच आलं नाही तर?

कामाचे पाच-सहा दिवस थांबा. मग त्याच धाग्यावर दोन ओळी: पदाबद्दल अजूनही इच्छुक आहे, पुढची फेरी कधी अपेक्षित आहे? पगाराचा विषय पुन्हा काढू नका आणि आकडा तर मुळीच कमी करू नका. उत्तर न येण्याचं कारण पगार असतंच असं नाही. कंपनीकडून मंजुरी अडकलेली असते, किंवा ज्यानं सही करायची तो सुटीवर असतो. दुसऱ्या ईमेललाही उत्तर नाही तर दुसरीकडं अर्ज चालू ठेवा. इथली नोकरी मात्र हातात लेखी ऑफर येईपर्यंत सोडू नका.

सौदी किंवा जर्मनीसाठी हाच ईमेल चालेल का?

सौदीसाठी बराचसा चालतो. चलन रियाल, आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. रविवारी सकाळी पाठवलेला ईमेल तिथं कामाच्या पहिल्या दिवशी पोचतो. जर्मनीत हिशेबच वेगळा: तिथं अपेक्षा कपातीआधीच्या वर्षाच्या पगारात, युरोमध्ये सांगतात, आणि त्यातून कर, पेन्शन, आरोग्यविमा असं बरंच कापून हातात पडतं. कापून किती उरेल ते आधी काढल्याशिवाय आकडा देऊ नका.

ऑफर आली. एकूण 5,000 च आहेत, पण बेसिक 1,800 दाखवलंय. आता काय?

तुमचा ईमेल कामाला येतो तो या वेळी. सही करायच्या आधी त्याच ईमेलला रिप्लाय करा, म्हणजे तुमची 3,000 ची ओळ खाली दिसत राहील. लिहा की ऑफरबद्दल आभार, एकूण रक्कम मान्य आहे, पण माझ्या अमुक तारखेच्या ईमेलमध्ये बेसिक किमान 3,000 लिहिलं होतं, त्याप्रमाणे विभागणी बदलता येईल का. कंपनीचा महिन्याचा खर्च त्यानं वाढत नाही, म्हणून काही कंपन्या लगेच बदलून देतात. काही 2,500 वर येतात. 1,800 वरच अडून बसल्या तर ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइमचा वरचा हिशेब पुन्हा मांडा आणि तेवढी रक्कम एकूण पगारात वाढवून मागा.

आणखी एक तपासणी. कंपनीच्या लेटरहेडवरचं ऑफर लेटर वेगळं आणि तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचं ठरावीक नमुन्यातलं ऑफर लेटर वेगळं. मंत्रालयात नोंद होणारा करार या दुसऱ्या कागदावर आधारलेला असतो. दोन्हींतले बेसिक आणि भत्त्यांचे आकडे बोट ठेवून जुळवून बघा. लेटरहेडवर 3,000 आणि मंत्रालयाच्या कागदावर 1,800 असेल तर सही करू नका. आधी दुरुस्त कागद मागवा.